पर्मानोव्हाचा p नक्की कशाबद्दल बोलतो? २००१ ते २०१३ची गोष्ट

चारकोपच्या खाडीकडची तिवरं पाहिली असतील, तर मुळांत अडकलेलं प्लास्टिकही पाहिलं असेल. समजा, तिथे तुम्ही सहा चौकोनांतलं प्लास्टिक काढलं, सहा तसेच ठेवले, आणि काही महिन्यांनी चिखलातले खेकडे, शंख, किडे मोजले. प्रश्न साधा आहे: दोन्हीकडचा समुदाय वेगळा आहे का?

बरेच जण इथे पर्मानोव्हा लावतात, p ०.०५ पेक्षा कमी आला की "समुदाय बदलला" असं लिहून मोकळे होतात. मीही आधी तेच करत होते. पण 'वेगळा' या शब्दात दोन गोष्टी लपलेल्या असतात. त्या सुटी करायला संशोधकांना बारा वर्षं लागली.

सुरुवात त्याहून जुनी आहे. १९३५ मध्ये फिशर यांनी डार्विनच्या मक्याच्या १५ जोड्या घेतल्या आणि फरकांची चिन्हं शक्य त्या सर्व, म्हणजे ३२,७६८ प्रकारे उलटसुलट करून पाहिली. उपचाराचा परिणामच नसेल तर नावाच्या चिठ्ठ्या कशाही बदलल्या तरी चालायला हवं, हा त्यामागचा विचार. १९५७ मध्ये ब्रे आणि कर्टिस यांच्या विस्कॉन्सिनमधल्या जंगलांच्या अभ्यासातून आज त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं अंतर रुळलं. २००१ मध्ये मार्टी अँडरसन यांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या: अंतरांच्या वर्गांवरून F काढायचा आणि p चिठ्ठ्या बदलून काढायचा.

आपल्या चौकोनांवर करून पाहू. हिशोब सोपा राहावा म्हणून आकडे मी मनाने घेतलेत. साफ चौकोनांत आपापसातलं प्रत्येक अंतर ०.३, प्लास्टिकवाल्यांत ०.७, आणि एका गटातून दुसऱ्यात ०.६.

गटांतर्गत बेरीज: साफ गटात १५ जोड्या, म्हणून १५ × ०.०९ ÷ ६ = ०.२२५. दुसऱ्यात १५ × ०.४९ ÷ ६ = १.२२५. एकूण १.४५. सर्व ६६ जोड्यांच्या वर्गांची बेरीज २१.६६, भागिले १२, म्हणजे १.८०५. उरलेले ०.३५५ गटांमधले. F = ०.३५५ ÷ (१.४५ ÷ १०) = २.४५. बारा चौकोन सहा-सहांत ९२४ प्रकारे वाटता येतात, त्यांतल्या फक्त दोन वाटण्यांत F एवढा येतो. p = ०.००२.

आता प्रत्येक चौकोन आपल्या गटाच्या केंद्रापासून किती दूर आहे ते बघा. साफ गटात ०.१९, दुसऱ्यात ०.४५. म्हणजे प्लास्टिकवाले चौकोन एकमेकांसारखेच नाहीत. कुठे खेकडे भरपूर, कुठे नुसते किडे. हा झाला पसारा. केंद्र सरकणं ही वेगळी गोष्ट आहे. १९९३ मध्येच वॉर्विक आणि क्लार्क यांनी दाखवलं होतं की ताणाखालच्या सागरी समुदायांत असा विस्कळीतपणा वाढू शकतो. म्हणून पसाऱ्यातला फरक हा नुसता अडथळा मानू नका, तो स्वतःच एक निष्कर्ष असू शकतो.

चिठ्ठ्या बदलताना आपण गृहीत धरतो की उपचाराने काहीच बदललेलं नाही, पसाराही नाही. त्यामुळे नुसत्या पसाऱ्यातल्या फरकानेही p खाली येऊ शकतो. अँडरसन यांनी २००६ मध्ये पसाऱ्याची वेगळी चाचणी दिली. २०१३ मध्ये अँडरसन आणि वॉल्श यांनी कृत्रिम माहितीवर तपासलं: गट सारख्या आकाराचे असतील तर पर्मानोव्हा बऱ्यापैकी टिकतो, अॅनोसिम मात्र डगमगतो. गट असमान असतील तर पर्मानोव्हाही फसतो.

कारण समजून घ्या. F च्या छेदावर मोठ्या गटाचं वजन जास्त असतं. मोठा गट घट्ट असेल तर छेद लहान होतो. लहान गट विस्कळीत असेल तर त्याचं केंद्र योगायोगानेच इकडेतिकडे जातं. मग F फुगतो आणि खोटे सकारात्मक निकाल वाढतात. उलट, मोठा गट विस्कळीत असेल तर खरा फरकही हातून निसटतो. म्हणून भरतीत दोन-तीन नमुने वाहून गेले असतील, तर ते कोणत्या गटातले हे आधी बघा.

R मध्ये एवढंच:

```
d <- vegdist(prani, method = "bray")
adonis2(d ~ upchar, data = info, permutations = 999)
b <- betadisper(d, info$upchar)
permutest(b, permutations = 999)
```

दुसऱ्या चाचणीचा p मोठा आला तर "पसारा सारखा" असं ठामपणे लिहू नका. सहा नमुन्यांत ती चाचणी दुबळी असते. केंद्रापासूनची सरासरी अंतरं आणि ऑर्डिनेशनचं चित्र सोबत द्या.

आपल्या उदाहरणात केंद्रं ०.३४ ने दूर आहेत आणि गट समान आहेत. म्हणून निकालात मी असं लिहीन: "दोन्ही उपचारांतील समुदाय वेगळे आढळले (F = २.४५, R² = ०.२०, p = ०.००२, प्रत्येकी ६ चौकोन). प्लास्टिक असलेल्या चौकोनांचा पसारा जास्त होता (केंद्रापासून सरासरी अंतर ०.४५ विरुद्ध ०.१९). त्यामुळे हा फरक केंद्र आणि पसारा या दोन्हींचा असल्याचे आम्ही मानतो."

व्हायवात "p कशाचा?" असं विचारलं, तर उत्तर या तिसऱ्या वाक्यात आहे.