डेटा इग्रेस शुल्क म्हणजे काय? क्लाउडचे बिल गुपचूप का वाढते?

क्लाउडवर फाइल चढवायला सहसा पैसे पडत नाहीत. तीच फाइल इंटरनेटवरून बाहेर पाठवली की मात्र दर जीबीमागे आकार लागतो. या आकाराला डेटा इग्रेस शुल्क म्हणतात.

समजा, धुळ्यातील देवपूर भागात स्पर्धा परीक्षांचा एक क्लास आहे. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याची ४०० मुले त्याची रेकॉर्ड केलेली व्याख्याने मोबाइलवर पाहतात. सगळे व्हिडिओ मिळून ४० जीबी भरतात आणि ते ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात, एस-थ्री या साठवण सेवेत ठेवले आहेत.

साठवण स्वस्त, वाहतूक महाग

मुंबईत साठवणीचा दर जीबीमागे महिन्याला सुमारे अडीच सेंट आहे. म्हणजे ४० जीबीचे भाडे झाले १ डॉलर. पण प्रत्येक मुलाने महिन्यात ५ जीबी पाहिले, तर २,००० जीबी बाहेर जातात. त्यातले पहिले १०० जीबी मोफत असतात. उरलेल्या १,९०० जीबींना सुमारे १०.९३ सेंट दराने जवळपास २०८ डॉलर लागतात. कर वेगळा.

वाट बदलली की

हेच व्हिडिओ क्लाउडफ्रंट या सीडीएनमार्फत दिले, तर एस-थ्रीपासून क्लाउडफ्रंटपर्यंतच्या वाहतुकीला आकार नाही. वापरानुसार बिलाच्या पद्धतीत क्लाउडफ्रंटवरून दरमहा १ टीबी मोफत बाहेर जातो. त्यामुळे साधारण ९७६ जीबींचेच पैसे उरतात आणि बिल १०६ डॉलरच्या आसपास येते.

इथे एक गैरसमज होतो. भारतात क्लाउडफ्रंटचा दर थेट दराइतकाच, सुमारे १०.९ सेंट आहे. बचत होते ती मोफत टीबीमुळे. वापर १० टीबीवर गेला, तर नुसत्या सीडीएनने फारसा फरक पडणार नाही.

आकार कमी करणे

मग दुसरा उपाय म्हणजे व्हिडिओच हलका करणे. फळ्यावरचे व्याख्यान ४८० पिक्सेलमध्येही वाचता येत असेल आणि त्याने फाइल निम्मी होत असेल, तर २,००० जीबींचे १,००० होतात. ते मोफत टीबीत बसतात आणि इग्रेसचे बिल शून्यावर येते. मुलांचा मोबाइल डेटाही वाचतो.

चूक कशी ओळखावी?

कॉस्ट एक्सप्लोररमध्ये खर्च 'युसेज टाइप'नुसार पाहावा. मुंबईतून थेट बाहेर गेलेला डेटा या नावाने दिसतो:

```
APS3-DataTransfer-Out-Bytes
```

सीडीएन लावूनही हा आकडा उतरत नसेल, तर बहुधा व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या एस-थ्रीच्या जुन्या लिंक अजून चालू आहेत. बकेट सर्वांसाठी बंद करून फक्त क्लाउडफ्रंटला परवानगी दिली, की ही वाट बंद होते. त्याआधी मुलांना नवी लिंक पाठवावी, नाहीतर त्यांचे व्हिडिओच बंद पडतील.