प्रलंबित कामांची रांग : रेडिस आणि काफ्का

लगेच न करता मागे ठेवलेली कामे साठवण्याची संगणकीय व्यवस्था. ही कामे उचलणाऱ्या प्रोग्रामला कन्झ्युमर म्हणतात. रेडिसच्या यादीत `LPUSH` ने काम एका टोकाला जमा होते आणि `BRPOP` ने दुसऱ्या टोकाकडून काढले जाते. काढताच ते यादीतून नाहीसे होते. कन्झ्युमर मध्येच बंद पडला, तर काम हरवते. म्हणून `LMOVE` ने ते चालू कामांच्या वेगळ्या यादीत हलवतात व पूर्ण झाल्यावर `LREM` ने पुसतात.

काफ्कात वाचलेला संदेश साठवणीची मुदत संपेपर्यंत टॉपिकच्या पार्टिशनमध्येच राहतो. प्रत्येक संदेशाला ऑफसेट हा चढता क्रमांक असतो. पुढे कोठून वाचायचे तो ऑफसेट कन्झ्युमर-गटाच्या नावे `__consumer_offsets` मध्ये नोंदला जातो. समजा, नोंद १०५ आहे आणि १०५ ते १०७ ही कामे उरकून, नवी नोंद होण्यापूर्वीच कन्झ्युमर कोसळला. त्याची जागा घेणारा १०५ पासूनच सुरुवात करतो व तीन कामे दुसऱ्यांदा होतात. कामाआधीच नोंद केली, तर अशा वेळी कामे सुटतात. त्यामुळे नोंद सहसा कामानंतर करतात आणि पुनरावृत्तीने परिणाम बदलणार नाही अशी कामाची रचना ठेवतात.