बासनातली पोथी आणि कपाटातली गाथा

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी वाचणाऱ्याला विनवीत, की हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. ही पोथी चिंध्या-तागाच्या लगद्याच्या हातकागदावर लिहिलेली असे. दोन फळ्यांत दाबून बासनात घट्ट बांधली, की धूळ, उजेड आणि कसर यांना आत वाव उरत नसे.

१८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांच्या गाथेचा पहिला खंड निघाला. पुढे छापील ग्रंथ घरोघरी आले, आणि स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा झाला. त्यातला लाकडाचा अंश उजेड-हवा लागून पिवळा पडतो. हा पिवळेपणा परत जात नाही, म्हणून ग्रंथ उन्हात वाळवू नयेत. बांधणीतली खळ कसरीला आवडते. पान वरवर खरवडल्यासारखे दिसले, की ती आत आहे असे समजावे.

आषाढी वारीत भिजलेली पोथी मात्र लगेच बासनात बांधू नये. ओल आत कोंडते आणि दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. पोथी सावलीत उघडी ठेवावी, पानांत कोरा टिपकागद घालून तो बदलत राहावा, पंख्याचा वारा द्यावा. पूर्ण सुकल्यावरच कोरड्या बासनात बांधावी. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. वेखंडाच्या वासाने कसर दूर राहते असा जुना अनुभव आहे, पण बुरशी वेखंडाने थांबत नाही. ती कोरडेपणानेच थांबते.