एचडीआर आणि एसडीआर

चित्रातला उजेड आकड्यांत नोंदवण्याच्या या दोन पद्धती आहेत. एसडीआर म्हणजे स्टँडर्ड डायनॅमिक रेंज आणि एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. एकाच चित्रात सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग यांच्यात किती अंतर राखता येते, यावरून ही नावे पडली. व्यवहारात मात्र खरा घोटाळा या अंतराने होत नाही. तो फाइलमधल्या आकड्यांचा अर्थ चुकीचा लावल्याने होतो.

एसडीआरची पद्धत काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या स्वभावावर बेतलेली आहे. तिच्यात आकडा सापेक्ष असतो. सर्वांत मोठा आकडा म्हणजे ‘हा पडदा देऊ शकेल तेवढा उजेड’. स्टुडिओतल्या संदर्भ मॉनिटरवर तो 100 निट धरतात (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक). एचडीआरच्या पीक्यू या वक्राने, म्हणजे 2014 साली प्रमाणित झालेल्या एसएमपीटीई एसटी 2084 ने, हा हिशेब बदलला. त्यात प्रत्येक आकड्यामागे ठरावीक निट असतात आणि मोजपट्टी थेट 10,000 निटपर्यंत जाते. एवढा उजेड देणारा पडदा घरात सहसा नसतो, पण मोजपट्टीत त्याची जागा राखलेली आहे आणि पुढची गोम तिथेच आहे.

समजा, पीक्यूतले चित्रण अशा प्लेअरवर लावले की जो ते एसडीआर समजतो. 100 निटचा पांढरा शर्ट पीक्यूत मोजपट्टीच्या 51 टक्क्यांवर लिहिलेला असतो. जुन्या वक्राने (घातांक 2.4) वाचला की 100 निटच्या पडद्यावर तो जेमतेम 20 निटचा दिसतो. सावलीतला 1 निटचा भाग 15 टक्क्यांवर असतो. तो मात्र जवळपास 1 निटच राहतो. म्हणजे शर्ट आणि सावली यांच्यातली शंभर पटींची तफावत वीस पटींवर येते. उजळ ते मळते, गडद ते तसेच राहते आणि सारे चित्र राखाडी धुक्यात गेल्यासारखे दिसते.

रंगांचेही तेच. एचडीआर सहसा बीटी.2020 या मोठ्या रंगपटात लिहितात. साध्या टीव्हीचा पूर्ण लाल तिथे सुमारे 63 टक्के लाल, 7 टक्के हिरवा आणि थोडासा निळा असा नोंदवला जातो. हे आकडे वरच्याच चुकीच्या वक्राने आणि लहान रंगपटात वाचले, तर लाल हिरव्याच्या नऊ पट राहण्याऐवजी जेमतेम साडेतीन पट उरतो. कुंकवाचा लाल विटकरी होतो तो यामुळे.

बीबीसी आणि जपानची एनएचके यांनी मिळून आणलेला एचएलजी हा दुसरा वक्र याबाबतीत सोशिक आहे. त्याचा खालचा भाग जुन्या वक्राशी बराच जुळतो, त्यामुळे चुकीचा वाचला तरी चित्र थोडेच फिके पडते. आयफोन 12 पासूनच्या फोनमधले एचडीआर चित्रण याच वक्रावर आधारलेले असते.

अर्थ कसा लावायचा हे फाइलमधले टॅग सांगतात. एडिटिंगमध्ये किंवा फाइल इकडून तिकडे पाठवताना ते गळून पडतात. तपासायला पुढील आज्ञा पुरते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt,color_primaries,color_transfer clip.mov
```

`color_transfer` पुढे `smpte2084` आले तर पीक्यू, `arib-std-b67` आले तर एचएलजी, `bt709` आले तर एसडीआर. `unknown` आले आणि चित्र फिके असेल, तर संशयाला जागा आहे.

फिकेपणाचे आणखी एक कारण नेहमी याच्यात मिसळले जाते, ते म्हणजे पातळ्यांची गल्लत. व्हिडिओत काळा 16 वर आणि पांढरा 235 वर ठेवण्याची रीत आहे. पडद्याने 0 ते 255 असे धरले की काळा राखाडी होतो. दोन्हींतला फरक ओळखायला चित्राच्या वर-खाली असलेल्या काळ्या पट्ट्या पाहाव्यात. पट्ट्या ठार काळ्या आणि चित्र मळकट असेल तर वक्राची चूक, कारण पीक्यूतही शून्य म्हणजे शून्यच. पट्ट्याच राखाडी दिसत असतील तर पातळ्यांची. पट्ट्या नसतील तर एखादी काळी चौकट मिळेपर्यंत चित्रण पुढे सरकवावे.

फक्त टॅग गेला असेल तर तो पुन्हा लावून मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. एसडीआर पडद्यासाठी खरे रूपांतर करायचे तर टोन मॅपिंग करावे लागते: 100 निटच्या वरचा उजेड दाबून बसवायचा. किती दाबायचे याचे एकच बरोबर उत्तर नाही. ढगांचा तपशील राखावा तर चेहरे मंदावतात, चेहरे उजळावेत तर ढग पांढरेफटक होतात. स्वयंचलित रूपांतराच्या निकालावर रंगकार नाक मुरडतात ते त्यामुळेच. आणि कुणी फिके चित्रच 8 बिटमध्ये नव्याने एन्कोड करून ठेवले असेल, तर टॅग सुधारूनही आकाशात पट्टे उमटतात, कारण पीक्यूला निदान 10 बिट लागतात. अशा वेळी मूळ फाइल मागवावी.