स्तंभ सोपा, म्हणूनच फसवा

पक्षीगणनेचा अहवाल लिहिणाऱ्यांचे एक ठरलेले म्हणणे असते: सामान्य वाचकाला दोन स्तंभ दाखवा, लगेच कळते, एरर बार आणि ठिपके काढले की तो गोंधळतो. या म्हणण्यात तथ्य एवढेच, की स्तंभ चटकन वाचता येतो. पण चटकन कळलेले खरे असते का?

जळगावच्या मेहरूण तलावावरचे एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते कल्पिलेले. पहिल्या हिवाळ्यात चांदव्यांच्या पाच गणनांत ४०, ५५, ४८, २१० आणि ४७ पक्षी दिसले, तर दुसऱ्या हिवाळ्यात ६२, ७०, ५८, ६६ आणि ६४. सरासरी अनुक्रमे ८० आणि ६४. आता उभा अक्ष शून्याऐवजी ६० पासून सुरू केला, तर स्तंभांची उंची २० आणि ४ उरते. घट आहे २० टक्क्यांची. डोळ्यांना दिसते ८० टक्क्यांची. स्तंभात आपण लांबी वाचतो, म्हणून त्याचा पाया शून्यावरच हवा. ठिपक्यात जागा वाचली जाते; तिथे ही सक्ती नाही.

पण अक्ष सुधारला तरी खोट राहतेच. दहाही नोंदींचे ठिपके मांडून पाहा. पहिल्या हिवाळ्यातले चार ठिपके दुसऱ्या हिवाळ्यातल्या प्रत्येक ठिपक्याच्या खाली आहेत. मधली संख्या ४८ वरून ६४ वर गेली आहे. सारी ‘घट’ एका दिवशी उतरलेल्या मोठ्या थव्याची करामत आहे, आणि स्तंभाने नेमके तेच झाकले.

‘मग स्तंभावर एरर बार काढला की झाले’, असे कोणी म्हणेल. पण कोणता? पहिल्या हिवाळ्यासाठी प्रमाण विचलन सुमारे ७३, प्रमाण त्रुटी सुमारे ३३, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे ९०. चित्रात तिन्हींची खूण सारखीच दिसते. प्रमाण विचलन नोंदींचा विखुरलेपणा सांगते. बाकीचे दोन सरासरीच्या अनिश्चिततेबद्दल बोलतात. आखूड दिसते म्हणून प्रमाण त्रुटी काढायची आणि आकृतीखाली नाव लिहायचे नाही, ही लबाडीच. शिवाय इथला इंटरव्हल उणे १० पर्यंत उतरतो. उणे पक्षी कोणी पाहिलेत? दोन्हीकडे सारखा पसरणारा इंटरव्हल या नोंदींना लागू नाही, याचीच ती खूण.

ही चूक फक्त हौशी मंडळींची नाही. ट्रेसी वाइसगर्बर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शरीरक्रियाशास्त्राचे शेकडो शोधनिबंध तपासले, तेव्हा थोड्याच नोंदींवर स्तंभ काढण्याची सवय तिथेही सर्रास आढळली.

तेव्हा नोंदी पाच-दहाच असतील, तर सगळे ठिपके दाखवा, मधली संख्या रेघेने खुणवा, आणि आकृतीखाली गणना किती व एरर बार कशाचा ते लिहा. वाचक ठिपके मोजू शकतो. झाकलेला थवा मात्र त्याला कधीच दिसणार नाही.