तेल वाढलं, फंड का नाही वाढला?

20 एप्रिल 2020. अमेरिकेत कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. मुंबईच्या एमसीएक्सवरही एप्रिलचा वायदा उणे 2,884 रुपयांना सेटल झाला. त्या दिवसाची आठवण सगळ्यांना आहे. पण तेलाच्या फंडात पैसे ठेवणाऱ्यांचं खरं नुकसान त्याआधी आणि नंतरही, दर महिन्याला, आवाज न करता होत होतं. त्याचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

आधी दोन शब्द. 'कॉन्टँगो' आणि 'बॅकवर्डेशन' हे एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या शेअर बाजारातले. घेतलेल्या शेअरचे पैसे पुढच्या तारखेला देतो म्हणणाऱ्या खरेदीदाराला जो आकार पडायचा, तो कॉन्टँगो. उलट, शेअर द्यायला उशीर करणारा विक्रेता जो आकार भरायचा, ते बॅकवर्डेशन. पुढे हेच शब्द वायदे बाजारात आले. पुढच्या महिन्याचा वायदा जवळच्यापेक्षा महाग असेल तर कॉन्टँगो, स्वस्त असेल तर बॅकवर्डेशन.

हा फरक येतो कुठून? आपला कांदा चाळीत ठेवणारा शेतकरी हे जाणतो. माल साठवायचा तर जागा लागते, पैसा अडकतो, त्याचं व्याज चढतं. पुढचा भाव तेवढा जास्त मिळणार असेल तरच कोणी साठवेल. माल उदंड आणि साठवायला जागा कमी, तर कॉन्टँगो वाढत जातो. टंचाई असेल, आज हातात माल असण्यालाच किंमत असेल, तर बॅकवर्डेशन येतं.

आता फंडाकडे येऊ. युनायटेड स्टेट्स ऑइल फंड, म्हणजे यूएसओ, एप्रिल 2006 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. सामान्य माणसाला शेअरसारखं तेल घेता यावं, ही कल्पना. पण फंडाकडे टाक्या नव्हत्या. तो जवळच्या महिन्याचा वायदा घ्यायचा आणि मुदत संपायच्या आत तो विकून पुढच्या महिन्याचा घ्यायचा. यालाच रोल करणं म्हणतात.

हिशेब करून बघा. समजा फंडाकडे 1,000 बॅरलचे वायदे आहेत, भाव 20 डॉलर. विकून आले 20,000. पुढचा महिना 22 ला आहे, म्हणजे त्या पैशात बसतात 909 बॅरल. इथे लगेच तोटा झाला असं अनेकजण समजतात. तसं नाही, किंमत अजून 20,000 च आहे. तोटा होतो पुढे. बाजारातलं तेल 20 वरच राहिलं, तर मुदत जवळ येईल तसा 22 चा वायदा घसरत 20 ला येतो. आता 909 बॅरलचे झाले 18,180. तेल जागचं हललं नाही आणि 9 टक्के गेले! असं बारा महिने चाललं तर हजारातले जेमतेम 319 बॅरल उरतील.

बॅकवर्डेशनमध्ये हेच चाक उलटं फिरतं. स्वस्तात घेतलेला वायदा वर सरकतो आणि फंडाला फायदा होतो.

2009 साली हे कागदावरून प्रत्यक्षात आलं. मंदीमुळे साठे भरले होते, कॉन्टँगो मोठा होता. त्या वर्षी तेल सुमारे 45 डॉलरवरून 79 वर गेलं, म्हणजे पाऊणपट वाढलं. यूएसओ वाढला 20 टक्क्यांहून कमी. अंदाज बरोबर ठरूनही लोकांच्या हाती थोडंच आलं.

मग 2020. तेल कोसळलं तशी लोकांनी 'परत वर जाईलच' म्हणत यूएसओत रांग लावली. 20 एप्रिलला फंडाकडे मेचा वायदा नव्हता, तो जूनला सरकला होता; त्यामुळे उणे भावाचा थेट फटका बसला नाही. पण त्या दिवशी जूनचा भाव 20 डॉलरच्या आसपास होता. नंतर फंडाला लांबच्या महिन्यांतही पैसे पसरावे लागले, त्यामुळे जवळच्या भावातली उसळीही पूर्ण मिळाली नाही. वर्षअखेरीस तेल वर्षारंभापेक्षा सुमारे 20 टक्के खाली होतं, फंड मात्र जवळपास दोन तृतीयांश.

मग ओळखायचं कसं? एक्स्चेंजच्या पानावर जवळच्या आणि पुढच्या महिन्याचा भाव शेजारी ठेवा. पुढचा 2 टक्के महाग दिसला, तर तेल महिन्याला साधारण तेवढं वाढलं तरच तुमचे पैसे जागेवर राहणार. आणि फंड नेमकं काय धरून बसलाय ते वाचा. आपल्याकडचे गोल्ड ईटीएफ मुख्यतः प्रत्यक्ष सोनं ठेवतात, तिथे हा रोलचा खर्च येत नाही. वायदे ठेवणाऱ्या फंडात मात्र तुम्ही तेलाचा भाव विकत घेत नसता, वायद्यांची रांग विकत घेत असता.