शनिवारी रात्री साडेबारा म्हणजे नक्की कधी?

परवा एका मित्राने विचारलं, "रिलीजची सूचना लिहायला तुला अर्धा तास का लागतो रे? 'आज रात्री सिस्टिम बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व', झालं की!" त्याला तोंडी उत्तर दिलं, पण नीट देता आलं नाही. म्हणून हा शनिवार-रविवारचा उद्योग.

आधी इतिहास. मराठवाड्यातल्या बँकांपुरतं बोलायचं तर, रात्रीच्या कामाची सूचना द्यायची गरजच फार वर्षं नव्हती. आमच्याकडे नांदेड-लातूरला 'हैद्राबाद बँक' म्हटलं की स्टेट बँक ऑफ हैदराबाद. १९४१ साली निजामाच्या राज्यात सुरू झालेली आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झालेली. त्या बँकेत काय किंवा शेजारच्या पतसंस्थेत काय, संध्याकाळी शटर अर्धं खाली यायचं, रोकड जुळायची, दिवसअखेर व्हायची आणि मग सकाळपर्यंत सगळं बंद. पुढे कॉम्प्युटर आले तरी रात्र तशीच मोकळी राहिली. सर्व्हरवर रात्री काय वाटेल ते करा, सकाळी दहाला चालू असलं म्हणजे झालं. डाउनटाइम होताच, पण त्याला कुणी डाउनटाइम म्हणत नव्हतं. त्याचं नाव 'रात्र' होतं.

पैसे पाठवायच्या यंत्रणांचंही तेच. आरटीजीएस मार्च २००४ मध्ये आलं, एनईएफटी नोव्हेंबर २००५ मध्ये. दोन्ही बँकेच्या वेळेत चालायची. एनईएफटी तर २०१९ पर्यंत साधारण सकाळी ८ ते संध्याकाळी ७. शनिवारी संध्याकाळी पैसे पाठवले तर ते सोमवारी पोचणार हे लातूरच्या आडतीतल्या मुनीमजींनाही पाठ होतं. दुरुस्तीला रात्र मोकळी, रविवारही मोकळा.

मग १६ डिसेंबर २०१९ ला एनईएफटी चोवीस तास झालं. दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाला ४८ बॅचेस. पहिली रात्री साडेबाराची, शेवटची मध्यरात्री बाराची. वर्षभराने, १४ डिसेंबर २०२० ला आरटीजीएसही चोवीस तास झालं. ग्राहकाची सोय झाली, पण आमच्या धंद्यातल्या लोकांची रात्र गेली. आता दुरुस्ती करायची तर काहीतरी चालू असलेलं बंद करावं लागणार आणि त्यासाठी लोकांना आधी सांगावं लागणार.

ती वेळ लवकरच आली. २०२१ साली रिझर्व्ह बँकेने दोन सूचना काढल्या. पहिली: रविवार १८ एप्रिलला ००:०० ते १४:०० आरटीजीएस बंद. दुसरी: रविवार २३ मे ला ००:०१ ते १४:०० एनईएफटी बंद. दोन्हींचं कारण तांत्रिक सुधारणा, आणि ती आदल्या दिवशीचे व्यवहार संपल्यावर सुरू होणार. दोन्ही सूचना जेमतेम एकेका परिच्छेदाच्या. पण मला विचाराल तर रिलीजची सूचना कशी लिहावी याचा तो उत्तम धडा आहे.

एकतर दोन्ही यंत्रणा एकाच रात्री बंद केल्या नाहीत. आरटीजीएस बंद होतं तेव्हा एनईएफटी चालू, एनईएफटी बंद तेव्हा आरटीजीएस चालू, आणि हे सूचनेतच लिहिलेलं होतं. याचं महत्त्व समजायला मे २०२१ आठवा. कोरोनाची दुसरी लाट. समजा नांदेडच्या एखाद्या दवाखान्यात रविवारी सकाळी ८० हजार भरायचेत आणि मुलगा पुण्यात आहे. त्याला 'एनईएफटी बंद' एवढंच कळलं तर तो हातपाय गाळून बसेल. पण दोन लाखांच्या आतली रक्कम आयएमपीएसने जात होती (तेव्हा त्याची मर्यादा दोन लाख होती), आणि आरटीजीएसची सुरुवातच दोन लाखांपासून होते. म्हणजे कुठल्याही रकमेला रस्ता होता. शाखेतल्या माणसाला नेमका तो सांगता यायला हवा. काय बंद आहे याच्याइतकंच काय चालू आहे हे लिहायचं, ते यासाठी.

दुसरं, सूचना कुणाला कुठे मिळणार हे ठरलेलं होतं. बँकांना पुढच्या घडामोडी त्या-त्या यंत्रणेच्या प्रक्षेपणातूनच कळत राहणार, आणि बँकांनी आपल्या ग्राहकांना कळवायचं. म्हणजे दोन थर. ग्राहकाला वेळ आणि पर्याय पुरे. आतल्या टीमला क्षणाक्षणाची खबर हवी. आपण नेहमी दोघांना एकच मेल पाठवतो आणि मग ती दोघांच्याही कामाची नसते.

आणि तिसरं, ते ००:०१. बाराची बॅच पुरी होऊ द्या, मग बंद करा. एका मिनिटात केवढा अर्थ! इथे मला माझी जुनी फजिती आठवते.

एका पतसंस्थेचं काम आमच्याकडे होतं. शाखा नांदेडला आणि लातूरला. रिलीज शनिवार संपून रविवार लागताना, रात्री साडेबाराला. मी सूचनेत लिहिलं, "रविवारी रात्री १२:३० वाजता." कॅलेंडरप्रमाणे बरोबर! पण मराठी माणसाचा दिवस उजाडल्यावर सुरू होतो. आपण म्हणतो 'शनिवारी रात्री साडेबारा', आणि ते कॅलेंडरात रविवारी येतं. लातूरच्या साहेबांनी 'रविवारी रात्री' वाचलं, एक दिवस हातात आहे असं समजून ते शनिवारी उदगीरला लग्नाला गेले. फोन खिशात आणि खिसा वरातीत. इकडे आम्ही रात्री पावणेदोनला शाखेचं एक खातं तपासून द्यायला माणूस शोधतोय! मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट काढून एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचलेले नातेवाईक तुमच्याही घरात असतीलच. तीच चूक. तेव्हापासून मी असं लिहितो: "शनिवार मावळून रविवार उजाडण्यापूर्वीची रात्र. शनिवार २३:०० ते रविवार ०३:००." लोक हसतात. हसू देत.

आता हे '०३:००' कुठून आलं ते सांगतो, कारण इथेच बहुतेक सूचना खोट्या ठरतात. तेच काम पुढच्या वेळी केलं तेव्हाचा हिशोब:

शनिवारी २३:०० ला सिस्टिम बंद. बॅकअपला २० मिनिटं. मग डेटाबेसमधला बदल. खऱ्या डेटाच्या प्रतीवर करून पाहिला तेव्हा ४० मिनिटं लागली होती, म्हणून धरला तास. म्हणजे ००:२०. पुढे अर्धा तास तपासणी: नांदेडचं एक खातं, लातूरचं एक खातं, एक भरणा, एक उचल, एक व्याजाची नोंद. ००:५० ला सगळं सुरू.

मग सूचनेत 'एक वाजेपर्यंत बंद' लिहावं का? नाही. कारण गडबड झाली तर जुनं परत आणायला ७० मिनिटं लागतात, हेही आम्ही करून पाहिलं होतं. आम्ही ठरवलं की ०१:१५ ला घड्याळ बघायचं. तोवर तपासणी पूर्ण झाली नसेल तर "अजून दहा मिनिटं, जवळपास झालंच आहे" हे चालणार नाही, मागे फिरायचं. ०१:१५ अधिक ७० मिनिटं म्हणजे ०२:२५. वर अर्धा तास वीज, नेट, आणि माणसाच्या झोपेसाठी. झाले तीन. म्हणजे सूचनेतली वेळ सगळं सुरळीत झालं तर लागणारी नसते. मागे फिरावं लागलं तरी पुरेल अशी असते. एकला सुरू झालं तर लोक खूश. एक सांगून अडीचला सुरू केलं, तर पुढच्या वेळी तुमच्या वेळेवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि तुमची सूचना वाचतही नाही.

राहिला 'अडचण आल्यास संपर्क'. इथे आपण सात जणांची नावं आणि एक ग्रुप मेल आयडी देऊन मोकळे होतो. त्यावर अमेरिकेतली एक गोष्ट ऐका. १ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल नावाची शेअर दलाली कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, त्यातला एक राहून गेला. बाजार उघडण्याआधीच त्यांच्या सिस्टिमने कंपनीतल्या लोकांना ९७ ईमेल पाठवल्या, चुकीचं नावही त्यात होतं. पण त्या 'धोक्याची घंटा' म्हणून बनवलेल्याच नव्हत्या, आणि कुणी त्यावर काही केलं नाही. बाजार उघडला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरच्या वर तोटा झाला. खबर सगळ्यांना होती, जबाबदारी कुणाची नव्हती.

म्हणून आता आमच्या सूचनेत एवढंच असतं:

"अडचण दिसली तर रिलीज-प्रमुखाला फोन करा. मेल नको, मेसेज नको. पाच मिनिटांत उचलला नाही तर दुसऱ्या क्रमांकाला. फोनवर तीन गोष्टी सांगा: शाखा कुठली, काय करत होतात, स्क्रीनवर काय दिसलं. मागे फिरायचं की नाही हे फक्त रिलीज-प्रमुख ठरवेल. शिल्लक चुकीची दिसली तर तो नेहमीच आणीबाणीचा प्रसंग. प्रिंट वाकडी आली तर सोमवारी बघू."

ते शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं. कशासाठी उठवायचं आणि कशासाठी नाही हे लिहिलं नाही, तर नवीन पोरगं संकोचाने चुकीची शिल्लकही सकाळपर्यंत झाकून ठेवतं. साहेबांना रात्री दोनला कसं उठवायचं, ही आपल्याकडची खरी अडचण. परवानगी आधीच कागदावर असली की तो उठवतो.

एक गोष्ट मात्र मी रेल्वेकडून उचलली. सिग्नलचं काम करायचं तर तिथला माणूस स्टेशन मास्तरला टी/३५१ नावाचा मेमो देतो: अमुक भाग या वेळेपासून तोडतोय. मास्तर सही करतात तेव्हाच काम सुरू होतं. आणि काम संपलं म्हणून भाग आपोआप चालू धरत नाहीत. तपासून, जोडल्याचा मेमो वेळेसकट परत द्यावा लागतो. तोवर तो भाग बंदच. म्हणजे सूचना एक नाही, जोडी आहे. आमच्याकडे पहिला मेल झकास जायचा, आणि 'सुरू झालं' हा दुसरा जायचाच नाही, सगळे झोपलेले! लातूरच्या शाखेत सोमवारी सकाळी कुणीतरी भीत भीत लॉगिन करून बघायचं.

आता दुसरा मेल गेल्याशिवाय लॅपटॉप मिटायचा नाही असा नियम आहे. मागच्या रिलीजला तो ०१:०५ ला गेला. लातूरच्या साहेबांचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "मिळाला. झोपतो आता."